केस गळतायत की बारीक होतायत? भांग, टाळू आणि घनता पाहून ओळखायचं कसं

न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गोळा दिसला की बहुतेक जण तो हातात घेऊन केस मोजायला लागतात. पण गोळा केवढा आहे यावरून केस का गळतायत ते कळत नाही. केस विरळ होण्याची दोन कारणं सर्वांत जास्त दिसतात. एक म्हणजे घराण्यातून येणारी विरळता. दुसरं म्हणजे मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर काही महिन्यांनी होणारी गळती. पहिल्या प्रकारात एकेक केस पिढीगणिक, म्हणजे गळून पुन्हा उगवताना, आधीपेक्षा बारीक आणि आखूड होत जातो. दुसऱ्यात केसांची जाडी तीच राहते, फक्त ते एकाच वेळी खूप संख्येने पडतात. म्हणून प्रश्न किती पडले हा नाही. कुठे विरळ झालं आणि उरलेले केस बारीक झालेत का, हे बघायचं.

मी टायफॉइडनंतरच्या गळतीतून गेले आहे आणि धाकट्या बहिणीची बाळंतपणानंतरची गळती जवळून पाहिली आहे. दोघींनाही त्वचारोगतज्ज्ञांनी जे विचारलं ते आधी माहीत असतं तर घरूनच तयारी करून गेलो असतो. ती तयारी इथे क्रमाने देते. यातून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतील. पण आपल्याला कोणता प्रश्न घेऊन जायचंय ते नक्की कळतं.

आधी हे जमवा

- गेल्या दोन-तीन वर्षांतले, डोक्याचा वरचा भाग दिसेल असे दोन-चार फोटो
- शेपटीची फणी, म्हणजे भांग सरळ पडतो
- मोबाइल, आणि मागचा फोटो काढायला दुसरं कुणीतरी
- शिवणकामाची टेप
- एक पांढरा कागद (केस पांढरे असतील तर काळा)
- गेल्या वर्षभरातली आजारपणं, शस्त्रक्रिया, सुरू केलेली आणि बंद केलेली औषधं यांची तारखांसह यादी

## १. कॅलेंडर तीन महिने मागे न्या

डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता मुळाशी थांबून राहतो आणि नंतर पडतो. कोणत्याही वेळी दहातले एक-दीड केस या थांबलेल्या अवस्थेत असतात. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस पडणं हा नेहमीचाच हिशेब आहे.

मोठा ताप आला की शरीर वाढत्या केसांपैकी बऱ्याच केसांची वाढ एकदम थांबवतं. हे केस लगेच पडत नाहीत. थांबण्याचा काळ संपला की मग एकत्र पडतात, म्हणून गळती तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. कोविडनंतर अनेकांना ती थोडी लवकर, दीड-दोन महिन्यांतच जाणवली. बाळंतपणात वाट वेगळी असली तरी शेवट तोच होतो. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे पडायचे ते केसही वाढत राहतात, डोकं नेहमीपेक्षा दाट दिसतं, आणि बाळंत झाल्यावर दोन ते चार महिन्यांनी ही सगळी थकबाकी एकदम वसूल होते.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. गळती सुरू झाली की माणूस मागच्या आठवड्यात काय बदललं ते शोधतो, आणि नवा शाम्पू किंवा पाणी यांच्यावर खापर फोडतो. तुम्ही तीन महिने मागे जा. ताप, शस्त्रक्रिया, खूप रक्तस्राव, झपाट्याने उतरवलेलं वजन, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, नवं औषध, यातलं काही सापडतंय का ते बघा.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: गळती कधी सुरू झाली? ताप किंवा बाळंतपणानंतरच्या गळतीत माणूस महिना सांगतो, कधीकधी आठवडासुद्धा. घराण्यातल्या विरळतेत उत्तर येतं, "दोन-तीन वर्षांत कधीतरी, नक्की आठवत नाही." बऱ्याचदा ती स्वतःला दिसतच नाही. कुणीतरी फोटो दाखवतं तेव्हा लक्षात येते.

## २. भांग दोन ठिकाणी पाडा

घरच्या घरी करता येण्यासारखी सगळ्यात उपयोगी तपासणी हीच आहे, त्यामुळे ती घाई न करता करा.

केस स्वच्छ, पूर्ण वाळलेले आणि तेल-जेल न लावलेले हवेत. ओले किंवा तेलकट केस झुबक्याने एकत्र येतात आणि कोणाचाही भांग रुंद दिसतो. खिडकीजवळ दिवसा उजेडात बसा. डोक्यावर थेट पडणारा दिवा आणि मोबाइलचा फ्लॅश दोन्ही टाळा, त्या प्रकाशात टाळू चमकते.

पहिला भांग कपाळापासून टाळूवरून भोवऱ्यापर्यंत मधोमध पाडा आणि वरून फोटो काढा. दुसरा भांग डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही कानांच्या वरच्या टोकांच्या पातळीवर, उभा पाडा आणि तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्वचेची किती रुंद पट्टी दिसते ते बघा.

मागचा भाग मोजपट्टीसारखा वापरता येतो, याला कारण आहे. आनुवंशिक विरळता आणणाऱ्या संप्रेरकाचा, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचा, परिणाम टाळूवरच्या केसांच्या मुळांवर होतो. डोक्याच्या मागच्या केसांना तो फारसा जाणवत नाही. केसांच्या प्रत्यारोपणासाठी केस मागून घेतात तेही याच कारणाने.

वरचा भांग मागच्यापेक्षा स्पष्ट रुंद असेल तर आनुवंशिक विरळतेची शंका घ्यायला जागा आहे. बायकांमध्ये याचा एक खास आकार दिसतो. भांग कपाळाच्या बाजूला सर्वांत रुंद असतो आणि भोवऱ्याकडे जाताना निमुळता होतो, त्याच्या दोन्ही कडांना मोकळ्या जागेच्या छोट्या फांद्या फुटलेल्या दिसतात. मात्र कपाळावरची केसांची रेघ बहुधा जागच्या जागी असते. दोन्ही भांग सारखेच असतील, किंवा दोन्ही सारखेच विरळ झाले असतील, तर गळती सगळ्या डोक्यावर पसरलेली आहे. ताप आणि बाळंतपण यांच्या खात्यात जाणारी गळती अशी असते.

एक शंका आधीच फेडून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडला की केस तिथे दोन बाजूंना वळून बसतात आणि पट्टी उगीच रुंद दिसते. म्हणून वरचा भांग बोटभर बाजूला सरकवून आणखी एक फोटो काढा. तिथेही तेवढीच त्वचा दिसली तरच ते खरं माना.

## ३. भोवरा आणि कानशिलं

पुरुषांमध्ये ओळख तुलनेने सोपी असते. दोन्ही कानशिलांवरची रेघ मागे सरकते, भोवऱ्याभोवती गोल मोकळी जागा होते, मागचे आणि कानांवरचे केस दाट राहतात. पण भोवऱ्यात केस सगळ्या बाजूंना वळतात, त्यामुळे तिथे थोडी त्वचा सगळ्यांचीच दिसते. एकट्या भोवऱ्याच्या फोटोवरून घाबरू नका, जुन्या फोटोशी ताडून पाहा.

बायकांमध्ये कानशिलं फसवतात. बाळंतपणानंतर कानशिलांवरचे केस इतके विरळ होऊ शकतात की 'आता पुरुषांसारखं टक्कल पडणार' अशी भीती वाटते. तिथली त्वचा आरशाजवळ जाऊन, कडेने प्रकाश पडेल अशी बघा. एक-दोन सेंटिमीटरचे ताठ उभे केस दिसतायत का? त्यांची टोकं निमुळती आहेत का, आणि जाडी व रंग लांब केसांसारखाच आहे का? तसं असेल तर ते नव्याने उगवलेले केस आहेत आणि पडलेल्या केसांची जागा भरून निघते आहे. ते केस लवेसारखे फिकट, मऊ असतील आणि महिनोन्महिने तेवढेच राहत असतील तर गोष्ट वेगळी.

## ४. पडलेले केस कागदावर ठेवा

कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर वेगवेगळे करून ठेवा. टोकाला पांढरट, टाचणीच्या डोक्यासारखी गाठ दिसेल. ती दिसली की "केस मुळासकट आला" असं म्हणून अनेक जण हादरतात. पण मूळ त्वचेतच असतं. ती गाठ म्हणजे केसाची वाढ पूर्ण होऊन तो रीतसर पडला याची खूण. ताप किंवा बाळंतपणानंतरच्या गळतीत बहुतेक केस असेच, लांब आणि सारख्या जाडीचे असतात.

आता आखूड केस वेगळे काढा. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, बारीक आणि गाठ असलेले केस बरेच मिळाले तर केस लहान होत चालल्याची ती खूण आहे. आखूड असून गाठच नसेल, टोक बोथट किंवा फाटलेलं असेल, तर तो मधूनच तुटलेला केस आहे. तो या हिशेबात धरू नका.

डॉक्टर याचीच नेटकी आवृत्ती सांगतात. पाच दिवस शाम्पू करायचा नाही, मग भांड्याच्या तोंडावर जाळीचं कापड बांधून त्यावर केस धुवायचे, अडकलेले सगळे केस वाळवून मोजायचे. एकूण शंभरच्या वर आणि जवळजवळ सगळे लांब, म्हणजे चालू गळती. एकूण कमी, पण त्यातले दहा टक्के किंवा जास्त आखूड-बारीक, म्हणजे आनुवंशिक विरळता. शंभरच्या वर आणि आखूडही भरपूर, म्हणजे दोन्ही. ज्यांचे केस मुळातच आखूड कापलेले आहेत त्यांना हा प्रयोग कामाचा नाही.

केस ओढून बघण्याची चाचणीही आहे: पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकाकडे हलकेच ओढायची, पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. ती डॉक्टरांवर सोडलेली बरी. घरी माणूस एक तर घाबरून जोरात ओढतो, नाही तर दिवसातून दहा वेळा ओढतो.

## ५. घनता मोजायची तर पोनीटेल मोजा

लांब केस असतील तर सगळे केस मागे एकत्र बांधा आणि रबराच्या लगेच खाली टेपने घेर मोजा. टेप दर वेळी सारखीच घट्ट धरा. आकडा वाचताना एक गणित लक्षात ठेवा, केसांचं प्रमाण घेराच्या वर्गाने बदलतं. घेर १० सेंटिमीटरवरून ८ वर आला तर फक्त वीस टक्के कमी झालं असं वाटतं, पण प्रत्यक्षात १०० चे ६४ उरलेले असतात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त केस गेले.

पोनीटेल पातळ होणं हे सगळीकडून गळण्याचं लक्षण जास्त आहे. आनुवंशिक विरळतेत भांग रुंदावलेला असतानाही मागच्या दाट केसांमुळे घेर बऱ्यापैकी टिकलेला असू शकतो. आणि हे माप भरून यायला उशीर लावतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, नवा केस रबरापर्यंत पोहोचायलाच बरेच महिने जातात. तोवर भरपाई बघायची ती कानशिलांवर.

## ६. बहिणीच्या डोक्यावर हे कसं दिसलं

बहीण तेहतीस वर्षांची, दुसरं बाळंतपण. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा गळती सुरू झाली, म्हणजे कॅलेंडर तंतोतंत जुळलं. कागदावरचे केस जवळजवळ सगळे लांब, गाठवाले. पोनीटेलचा घेर ७ सेंटिमीटर. पुढच्या दोन महिन्यांत कानशिलांवर ताठ नवे केस उभे राहिले. आईने एका वाक्यात निकाल दिला, "बाळंतपणाचं आहे गं, येतील परत." आतापर्यंतचा पुरावा आईच्या बाजूचाच होता.

अडलं ते भांगापाशी. मागचा भांग विरळ असला तरी अरुंद होता, वरचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. नुसती बाळंतपणाची गळती असती तर दोन्ही सारखेच विरळायला हवे होते. मग जुने फोटो काढले. पहिल्या बाळंतपणाच्याही आधीच्या एका फोटोत, कपाळाजवळ, भांग आतासारखाच निमुळता होत गेलेला दिसत होता. तेव्हा तो कुणाच्या डोळ्यांत भरण्याइतका नव्हता एवढंच. आईचा भांगही तसाच आहे, तिच्या वयामुळे आम्ही तो कधी मनावर घेतला नव्हता.

डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं छोटं यंत्र, आधी टाळूवर आणि मग मागे ठेवून पडद्यावर दोन्ही चित्रं दाखवली. मागे सगळे केस एका जाडीचे होते. टाळूवर जाड केसाशेजारी बारीक, त्याशेजारी त्याहून बारीक, असं मिश्रण होतं. जाडीतला फरक वीस टक्क्यांहून जास्त केसांत दिसला तर आनुवंशिक विरळतेचं निदान पक्कं होतं, असं त्यांनी समजावलं. थोडक्यात, दोन्ही होतं. बाळंतपणाच्या गळतीने डोक्यावरचं झाकण काढलं आणि खालची जुनी विरळता उघडी पडली.

गळतीला औषध दिलं नाही, ती आपोआप थांबते म्हणून सांगितलं. टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल सुचवलं, पण अंगावर पाजणं बंद झाल्यावर. मूल दीड वर्षाचं झालं तेव्हा पोनीटेल ८ सेंटिमीटर होता, म्हणजे केस तीसएक टक्क्यांनी वाढले होते. वरचा भांग मात्र जिथल्या तिथे होता. बाळंतपणाचा हिस्सा वजा होऊन जे उरलं ते घराण्याचं, आणि औषध त्याच्यासाठी सुरू झालं.

अशी मिश्र प्रकरणं दुर्मिळ नाहीत, आणि चूक दोन्ही दिशांनी होते. "बाळंतपणाचं आहे" म्हणून भांग रुंदावत असताना वर्षं जातात. किंवा तापानंतरच्या साध्या गळतीला घाबरून, आपोआप थांबणाऱ्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं चालवायचं औषध सुरू होतं. मग केस येतात ते औषधानेच आले असं वाटतं आणि ते सोडायची हिंमत होत नाही.

## ७. वाट किती बघायची

ताप किंवा बाळंतपणानंतरची गळती साधारण तीन ते सहा महिने चालते आणि थांबते. घनता भरून यायला आणखी सहा महिने ते वर्ष लागतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचं डोकं पूर्ववत होत आलेलं असतं.

सहा महिन्यांनंतरही गळती चालू असेल, किंवा दोन भांगांत फरक दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खालच्या गोष्टींसाठी मात्र अजिबात थांबू नका:

- नाण्याएवढी गोल, गुळगुळीत चकती पडणं
- टाळूला खपल्या, लाली, पू, आग किंवा दुखणं
- केस गेलेल्या जागी त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच न दिसणं
- भुवया विरळ होणं
- बायकांमध्ये केसांसोबत पाळी अनियमित होणं किंवा हनुवटीवर राठ केस येणं

## ८. डॉक्टरांकडे जाताना

दोन भांगांचे फोटो, जुना फोटो आणि तारखांची यादी मोबाइलमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. आई, वडील आणि दोन्हीकडच्या मावश्या, आत्या, काका, मामा यांच्या केसांची चौकशी करून जा. ही विरळता फक्त आईकडून येते हा समज चुकीचा आहे, ती दोन्हीकडून येते. आणि घरात कुणालाच नाही म्हणून ती नाहीच असंही होत नाही.

हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच या तपासण्या बहुधा सांगितल्या जातात. त्यात दोन खाचा आहेत. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण ताप किंवा संसर्ग चालू असताना तो आकडा आपोआप वाढतो. त्यामुळे आजारपणातला 'नॉर्मल' रिपोर्ट लोहाची कमतरता लपवू शकतो. आजारातून उठल्यावर तपासणी केली असेल तर ती तारीख डॉक्टरांना सांगा. दुसरी खाच बायोटिनची. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी सांगा आणि किती दिवस बंद ठेवायची ते विचारून घ्या. बायोटिनची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी केस वाढतात याला चांगला पुरावाही नाही.

मिनॉक्सिडिल सुरू केलंत तर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. जुने थांबलेले केस ढकलले जाऊन नवे वाढायला लागतात म्हणून असं होतं. नेमकं याच वेळी घाबरून बरेच जण ते सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केल्यावर त्याने मिळालेलं काही महिन्यांत जातं. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगा. पुरुषांना दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी घरात असली तरी गरोदर असलेल्या किंवा होऊ शकणाऱ्या बाईने ती घ्यायची नाही.

पुढचे फोटो दर तीन महिन्यांनी काढा, तेच दोन भांग, तीच खिडकी, तीच वेळ, केस धुतल्यानंतर तेवढेच दिवस. त्याआधी काढलेल्या फोटोंत फरक दिसतो तो बहुतेक उजेडाचा असतो.